रश्श्याला रंग हवा, तिखटपणा नको: खानदेशात नव्याने स्वयंपाक करणाऱ्यांसाठी तिखट आणि हळद ओळखण्याची रीत

माझे माहेर सांगलीचे. तिथे घरात वर्षाचा कांदा-लसूण मसाला एकदाच होत असे आणि भाजी, आमटी, रस्सा या सगळ्यांत तोच पडत असे, त्यामुळे निरनिराळ्या मिरच्यांचे तिखट वेगवेगळे ओळखण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. लग्न होऊन धुळ्यात आल्यावर मात्र स्वयंपाकघरात तिखटाचे तीन डबे, काळ्या मसाल्याचा एक आणि हळदीचा एक असे पाच डबे समोर आले, आणि कोणता किती घालायचा हे कोणत्याही डब्यावर लिहिलेले नव्हते.

पहिल्याच वर्षी वैशाखात घरी सहा पाहुणे जेवायला होते आणि शेवभाजीचा बेत होता. हाताला लागला तो डबा आदल्या वर्षीच्या तिखटाचा होता. दोन चमचे घातले तरी रस्सा विटकरीच दिसत होता, म्हणून रंगासाठी आणखी दोन घातले. रंग थोडा आला, पण तो रस्सा कोणालाही दोन घासांपुढे खाता आला नाही, आणि पाहुण्यांबरोबर आलेल्या लहान मुलीला शेवटी दूधभाकरी द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तो डबा उघडून चिमूटभर तिखट तळहातावर घेतले आणि म्हणाल्या, "रंग उडी गया, तिखं नही उडनं."

त्या एका वाक्यात या लेखाचा सगळा विषय आहे. मिरचीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल रंग मिरचीच्या सालीतल्या कॅप्सॅन्थिन आणि त्याच जातीच्या इतर रंगद्रव्यांमुळे येतो. तिखटपणा कॅप्सायसिनमुळे येतो आणि ते मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत तयार होते. उजेड, हवा आणि उष्णता यांनी रंगद्रव्य लवकर विरते, कॅप्सायसिन मात्र बराच काळ टिकून राहते. म्हणून जुने तिखट फिकट दिसले तरी सौम्य झालेले नसते. रंग कमी दिसतो म्हणून तेच तिखट आणखी घालणे ही नवख्या माणसाची सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती टाळण्यासाठी पुढील पायऱ्या मी जशा शिकले त्या क्रमाने लिहीत आहे.

जवळ काय लागेल

- दोन-तीन पांढऱ्या बश्या (रंग पांढऱ्यावरच खरा दिसतो, स्टीलवर नाही)
- मोजायचा चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलीचा, आणि घालताना नेहमी सपाट केलेला
- साधे शेंगदाण्याचे तेल, कोमट केलेले
- काचेचा एक पेला आणि पाणी
- भाकरीचा तुकडा किंवा शिजवलेला भात, चव पाहण्यासाठी
- बोटाच्या टोकाएवढा खायचा चुना
- लहान कढले आणि चहाची बारीक गाळणी
- डब्यांवर लावायला कागदाच्या चिठ्ठ्या

१. आधी अखंड मिरची ओळखावी

पूड एकदा झाली की मिरचीची बरीचशी ओळख पुसली जाते, म्हणून शक्य असेल तर अखंड वाळलेली मिरची विकत घ्यावी. खानदेशात ही सोय चांगली आहे. नंदुरबार आणि दोंडाईचा या मिरचीच्या मोठ्या बाजारपेठा आहेत. नंदुरबारला शेतातून आलेली ओली लाल मिरची मोकळ्या जागेत पथाऱ्यांवर पसरून वाळवतात. हंगामात त्या बाजूने प्रवास केला तर दूरवर लाल पट्टे दिसतात आणि गाडीची काच खाली केली की ठसका लागतो.

रंगासाठीची मिरची म्हणजे ब्याडगी. ही कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाते आणि तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती लांब, गडद लाल आणि अंगभर सुरकुत्या पडलेली असते. हातात घेतल्यावर हलकी लागते. तिच्यातही दोन प्रकार येतात: बारीक लांब ती कड्डी, आणि आखूड, फुगीर ती डब्बी. डब्बीला रंग जास्त असतो. काश्मिरी नावाने विकली जाणारी मिरचीही रंगासाठीच असते, परंतु बाजारात त्या नावाखाली इतर सुरकुतलेल्या मिरच्याही विकल्या जातात, म्हणून नावापेक्षा पुढे दिलेल्या तेलाच्या परीक्षेवर भरवसा ठेवावा.

रेशमपट्टी ही मधली मिरची. ती आखूड आणि रुंद असते, रंगाला चांगली आणि तिखटाला मध्यम. गुजरातशी येथला व्यापार जुना असल्यामुळे ती आपल्याकडे सहज मिळते. गुंटूरकडची सन्नम जातीची मिरची गुळगुळीत, जाड सालीची आणि चकचकीत लाल असते. ती रंगही देते आणि भरपूर तिखटपणाही देते. तेजा आणि लवंगी या बारीक, टोकदार मिरच्या फक्त तिखटपणासाठी घ्याव्यात. त्या दिसायला इतक्या तेजस्वी लाल असतात की नवखा माणूस त्यांनाच रंगाची मिरची समजतो.

लक्षात ठेवायला सोपी खूण अशी की सुरकुतलेली, गडद आणि मोठी मिरची बहुधा रंगाची असते, आणि गुळगुळीत, लहान व टोकदार मिरची बहुधा तिखटाची असते. ही खूण नेहमीच खरी ठरत नाही, पण बाजारात उभे असताना पहिला अंदाज बांधायला पुरते.

घेताना एक-दोन मिरच्या मोडून आत पाहाव्यात. नीट वाळलेली मिरची कुरकुरीत मोडते आणि हलवली की आत बिया वाजतात. वाकते पण मोडत नाही अशी मिरची ओलसर असते, तिला पुढे बुरशी येते आणि वजनात आपण पाण्याचे पैसे देतो. आत करडी किंवा काळी बुरशी दिसली तर तो ढीगच सोडावा, कारण बाहेरून साल लाल असली तरी बुरशी दळणात सगळीकडे पसरते आणि ती प्रकृतीला घातक असते. पांढरट डाग पडलेली मिरची फटकी म्हणून स्वस्तात मिळते. तिची पूड केशरी आणि फिकी होते, तिखटपणा मात्र तिच्यात असतोच.

२. पुडीची परीक्षा तेलात करावी

कोरड्या पुडीचा रंग पाहून निर्णय घेऊ नये. पूड जितकी बारीक तितकी ती फिकट दिसते, बिया दळल्या असतील तर पिवळसर दिसते, आणि तेलाचा हात लावून दळलेली पूड खऱ्यापेक्षा गडद दिसते. मिरचीचा रंग पाण्यात नव्हे तर तेलात उतरतो, आणि कॅप्सायसिनही तेलातच उतरते. त्यामुळे एकाच बशीत दोन्हींची परीक्षा होते.

प्रत्येक बशीत दोन चमचे कोमट तेल घ्यावे. कोमट म्हणजे बोट बुडवता येईल इतकेच. त्यात पाव चमचा तिखट मिसळून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. मग बशी तिरपी करावी म्हणजे पूड एका बाजूला राहते आणि तेल दुसऱ्या बाजूला ओघळते. त्या ओघळाचा रंग पाहावा, कारण तुमच्या रश्श्यावर जी तर्री येणार तिचा रंग हाच असणार. ताज्या ब्याडगीचे तेल गडद, डाळिंबासारखे लाल दिसते. गुंटूरचे तेल लाल पण किंचित केशरीकडे झुकणारे असते. जुन्या तिखटाचे तेल पिवळट-केशरी येते. माझ्या त्या वैशाखातल्या डब्याचे तेल जवळजवळ मोहरीच्या तेलाइतके पिवळे निघाले होते.

आता त्याच तेलाचा एक थेंब भाकरीच्या तुकड्यावर घेऊन खावा आणि मिनिटभर थांबावे. तिखटपणा जिभेवर लगेच पूर्ण चढत नाही, म्हणून घाईने दुसरा थेंब घेऊ नये. दोन नमुन्यांच्या मध्ये साधा भात किंवा ताकाचा घोट घ्यावा, नुसते पाणी पिऊन उपयोग होत नाही.

मी यानंतर प्रत्येक डब्याला घरगुती गुण देते. ब्याडगीच्या तिखटपणाला एक धरायचा आणि बाकीचे तिच्या तुलनेत किती वाटतात ते लिहायचे. माझ्या घरच्या गुंटूरला मी चार दिले आहेत आणि रेशमपट्टीला दोन. हे प्रयोगशाळेचे आकडे नाहीत, माझ्या जिभेचे आहेत. तुमच्या डब्यांचे वेगळे येतील आणि तेच तुम्ही वापरावेत. डब्यावर चिठ्ठी लावून त्यावर मिरचीचे नाव, दळल्याचा महिना आणि हा गुण लिहून ठेवावा.

भेसळीबद्दल इतकेच सांगते. पेल्यातल्या पाण्यावर चिमूटभर तिखट भुरभुरावे. पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग मिसळला असेल तर लाल रेघा लगेच खाली उतरताना दिसतात, आणि विटेची पूड असेल तर ती तळाशी बसून बोटाला खरखरीत लागते. मात्र तेलात विरघळणारे कृत्रिम रंग या परीक्षेत सापडत नाहीत, आणि वरच्या तेलाच्या बशीत तर ते उलट उत्तम दिसतात. त्यामुळे तेलाचा रंग अवास्तव भडक, पूड घरच्यापेक्षा फार स्वस्त, आणि मिरचीचा वास मात्र नाही, असे दिसले तर ती पूड वापरू नये. अखंड मिरची आणून डंकावर स्वतःसमोर कुटून घेणे हाच यावरचा भरवशाचा उपाय आहे.

३. हळद: तिखट नसते, पण लाल रंग बिघडवू शकते

हळदीची पारख मला माहेरून ठाऊक होती, कारण सांगली ही हळदीची पेठ. हळकुंड मोडून पाहावे. आतला गाभा नारिंगीकडे झुकणारा असेल तर कुर्क्युमिन, म्हणजे हळदीचे पिवळे रंगद्रव्य, जास्त असते, आणि गाभा फिकट पिवळा असेल तर कमी असते. सांगलीकडची राजापुरी, तमिळनाडूची सेलम, वर्ध्याकडची वायगाव आणि केरळची आलेप्पी यांच्यात हाच फरक मुख्य आहे. वायगाव आणि आलेप्पी या रंगाला जोरदार असल्यामुळे त्यांची हळद राजापुरीपेक्षा कमी घालावी लागते. डबा बदलला की प्रमाण बदलते, हे तिखटाइतकेच हळदीलाही लागू आहे.

हळदीत जिभेला भाजणारा तिखटपणा नसतो. जास्त झाली तर ती कडवट आणि मातकट लागते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा मोठा परिणाम रंगावर होतो. लालमध्ये पिवळे मिसळले की केशरी होते. सहा माणसांच्या रश्श्यात पाव चमचा हळद पुरते आणि ती लाल रंगाला उजळवते. तीच एक चमचा झाली की रस्सा केशरी दिसू लागतो, मग स्वयंपाक करणाऱ्याला वाटते की तिखट कमी पडले, आणि तो आणखी तिखट घालतो. रश्श्याला रंग नाही अशी तक्रार घेऊन कोणी माझ्याकडे आले तर मी आधी हळद किती घातली ते विचारते.

हळदीचा आणखी एक गुण माहीत असावा. आम्लात ती पिवळी राहते आणि क्षारात तांबडी होते. चिमूटभर हळदीत थेंबभर पाणी आणि चुना मिसळून पाहा, ती समोरच लाल होते. हळदीपासून कुंकू होते ते याच गुणामुळे. म्हणून डाळ लवकर शिजावी यासाठी सोडा घातला तर वरणाचा पिवळा रंग तांबूस होतो, आणि बेसनात सोडा नीट मिसळला नाही तर त्यात लाल ठिपके उठतात. हे तिखट पडल्याचे ठिपके नसतात. मात्र चुन्याने लाल होणे ही हळद असल्याची खूण आहे, शुद्ध असल्याची नाही. भेसळीसाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा हळद न ढवळता सोडावी. चांगली हळद बहुतांशी खाली बसते आणि पाणी फिकट पिवळे होते. पाणी लगेच गडद पिवळे झाले तर ती हळद घेऊ नये.

४. तिखटपणा आधी ठरवावा, रंग नंतर भरावा

आता प्रत्यक्ष हिशेब करू. सहा माणसांची शेवभाजी, रस्सा साधारण सव्वा लिटर. आमच्या घरी पूर्वी यात गुंटूरचे तीन चमचे पडत. गुण चार धरला तर तिखटपणा झाला बारा. घरच्यांना तो बरोबर वाटत होता, पण रंग पातळ यायचा.

रंग वाढवायचा आणि बेरीज बारावरच ठेवायची, तर गुंटूरचा एक चमचा काढून घ्यावा. बेरीज आठ राहते. रिकाम्या झालेल्या चारच्या जागी ब्याडगीचे चार चमचे बसतात. म्हणजे गुंटूर दोन आणि ब्याडगी चार. तिखटपणा तितकाच राहतो, पण लाल रंग देणारी पूड तीन चमच्यांऐवजी सहा चमचे झाली आणि त्यातली चार उत्तम रंगाची. पाहुण्यांत लहान मुले असतील तर गुंटूर एकच ठेवावे आणि ब्याडगी चारच, म्हणजे बेरीज आठ होते आणि रंग फारसा उतरत नाही.

यात दोन अडचणी येतात. पहिली, काळ्या मसाल्यातही मिरची असते. तो दोन चमचे घालणार असाल तर त्याचाही गुण जिभेने काढून बेरजेत धरावा, नाहीतर सगळा हिशेब वर जातो. दुसरी, सहा चमचे पुडीने रस्सा थोडा दाट होतो, म्हणून वाटणातले खोबरे मूठभर कमी करावे.

ब्याडगीचा तिखटपणा आणखी कमी करायचा असेल तर दळण्याआधी मिरची उभी चिरून बिया आणि पांढरी शीर काढून टाकावी. तिखटपणा शिरेत असतो आणि रंग सालीत, म्हणून असे केल्याने रंगाचे नुकसान होत नाही, उलट बियांचा पिवळेपणा गेल्यामुळे पूड अधिक लाल होते. हे काम करताना हातांना आधी तेल चोळावे. काम झाल्यावर पुन्हा तेल चोळून मग साबणाने धुवावे, कारण नुसत्या पाण्याने कॅप्सायसिन निघत नाही आणि तोच हात डोळ्याला लागला तर फार त्रास होतो.

५. रंग तेलात उतरवण्याची रीत

योग्य तिखट निवडूनही रंग जातो तो बहुतेक वेळा याच पायरीवर. तेल धूर निघेपर्यंत तापवून त्यात कोरडे तिखट टाकले तर काही सेकंदांत ते आधी तपकिरी आणि मग काळे होते. जळालेला रंग परत येत नाही, चव कडू होते आणि तिखटपणा मात्र राहतो. सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून दर वेळी सांगत, "तेल जरासं थंड व्हवू दे, मंग तिखं टाक, नहीते जयी जाई."

मी पुढील रीत वापरते. तीन मध्यम कांदे भाजून घ्यावेत आणि पूर्ण कोळसा झालेले वरचे पापुद्रे काढून टाकावेत. खानदेशी रश्श्यात काळेपणा हवा असतो, पण कोळसा वाटणात गेला तर लाल रंग चॉकलेटी होतो. अर्धी वाटी भाजलेले सुके खोबरे, पंधरा लसूण पाकळ्या, इंचभर आले आणि कोथिंबीर यांच्यासह बारीक वाटण करावे. कढईत अर्धी वाटी तेलावर हे वाटण मध्यम आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत परतावे.

तोपर्यंत एका वाटीत दोन्ही तिखटे, काळा मसाला आणि पाव चमचा हळद घेऊन त्यात पाच-सहा चमचे पाणी घालून सरसरीत लगदा करावा. आच मंद करून हा लगदा वाटणात घालावा. लगद्यातले पाणी उडेपर्यंत त्याचे तापमान उकळत्या पाण्यापलीकडे जात नाही, म्हणून तिखट जळत नाही आणि रंगाला तेलात उतरायला चार-पाच मिनिटे मिळतात. ढवळताना आधी बुडबुड्यांचा फसफस आवाज येतो, मग तो बारीक तडतडीवर येतो आणि कडेला लाल तेल दिसू लागते. त्या क्षणी उकळते पाणी घालावे. गार पाणी घालू नये, त्याने तर्री दबते. मंद आचेवर पंधरा मिनिटे उकळून गॅस बंद करावा आणि झाकण ठेवून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे.

ही शेवटची दहा मिनिटे बहुतेक जण सोडून देतात. गॅस बंद केला तेव्हा रश्श्यात तेल बारीक थेंबांनी विखुरलेले असते आणि रंग गढूळ दिसतो. स्थिर राहिल्यावर ते वर येते आणि तोच रस्सा लालजर्द दिसतो. रंग कमी आहे असा निर्णय या दहा मिनिटांच्या आधी कधीही घेऊ नये. तेल फारच कमी घातले असेल तर मात्र कितीही थांबले तरी तर्री येणार नाही, कारण रंगाला उतरायला जागाच नसते. शेव ताटात वाढतानाच घालावी, आधी घातली तर ती वरचे तेल शोषून घेते.

६. रस्सा झाल्यावर रंग दुरुस्त करायचा असेल तर

रंग कमी आणि तिखटपणा बरोबर असेल तर कढल्यात तीन मोठे चमचे तेल गरम करावे, गॅस बंद करून दोन मिनिटे थांबावे, आणि एक चिमूट ब्याडगी टाकून पाहावी. ती हळूच फेसाळली आणि लाल राहिली तर तेल योग्य आहे, लगेच काळवंडली तर आणखी थांबावे. मग बिया आणि शीर काढलेल्या ब्याडगीची दोन चमचे पूड घालून ढवळावे, आठ-दहा मिनिटांनी गाळणीने गाळावे आणि ते लाल तेल रश्श्यावर सोडावे. थोडा तिखटपणा यातूनही जातो, पण बिया आणि शीर काढलेली असल्यामुळे तो जेवताना जाणवण्याइतका नसतो.

रस्सा आधीच जास्त तिखट आणि वर फिकटही असेल, म्हणजे माझ्यावर आली तीच वेळ आली असेल, तर पाणी वाढवू नये. पाण्याने रस्सा पातळ होतो, पण तिखट तेल वर तरंगतच राहते आणि पहिल्या घासाला तेच लागते. त्याऐवजी रस्सा दहा मिनिटे स्थिर ठेवून वरची निम्मी तर्री डावाने अलगद काढून घ्यावी. तिखटपणाचा मोठा वाटा त्या तेलाबरोबर निघून जातो. रंगही जातो, म्हणून वर सांगितलेले ब्याडगीचे तेल तितकेच परत सोडावे. काढलेली तर्री टाकून देऊ नये, दुसऱ्या दिवशी डाळीच्या फोडणीत चमचा-चमचा वापरता येते.

हळदीने केशरी झालेल्या रश्श्यातून हळद काढता येत नाही. त्यात ब्याडगीचे तेल आणि भाजून वाटलेले एक-दोन चमचे खोबरे घातले तर रंग लाल-तपकिरीकडे सरकतो, तेवढ्यावर समाधान मानावे. टोमॅटो वाढवला तर रस्सा आंबट होतो आणि रंग पुन्हा केशरीकडेच जातो. बीट घालून मी एकदा पाहिले, रस्सा गोडसर झाला आणि तर्री होती तशीच राहिली, कारण बिटाचा रंग तेलात नव्हे, पाण्यात उतरतो.

७. वर्षाची साठवण

मिरचीला दळण्याआधी एक दिवस ऊन द्यावे, देठ खुडावेत आणि रंगाची व तिखटाची मिरची वेगवेगळी कुटून आणावी. एकत्र कुटली की मग वरचा हिशेब करता येत नाही. वेगाने चालणाऱ्या चक्कीत पूड हाताला चटका बसेल इतकी तापते आणि रंग तिथेच उतरतो, म्हणून डंकावर कुटलेले बरे, आणि चक्कीच असेल तर पूड घरी आल्याबरोबर ताटांत पसरून सावलीत गार करून मगच भरावी.

ब्याडगीचे तिखट कमी प्रमाणात, तीन-चार महिन्यांना पुरेल इतकेच कुटावे आणि उरलेली मिरची अखंड ठेवावी, कारण अखंड सालीत रंग जास्त टिकतो. गुंटूरचे तिखट वर्षाचे केले तरी चालते, त्याच्याकडून आपल्याला रंगाची अपेक्षा नसते. दोन्ही कोरड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत, खडा हिंग घालून, अंधाऱ्या फडताळात ठेवावीत. रोजच्या वापरापुरते लहान डबीत काढून घ्यावे. हळदीलाही हाच नियम लागू आहे, काचेच्या बरणीत खिडकीजवळ ठेवलेली हळद उन्हाने फिकट पडते.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक डब्याची तेलाची बशी पुन्हा करावी आणि चिठ्ठीवरचा रंग व गुण तपासावा. मागच्या आठवड्यात माझ्या गुंटूरच्या डब्याचे तेल केशरी निघाले आणि भाकरीवरचा थेंब पूर्वीइतकाच झोंबला. म्हणून त्याच्या चिठ्ठीवर चार हा गुण तसाच ठेवून खाली "रंगासाठी धरू नये" असे लिहिले आहे.